छत्तीस स्लाइड्स, पंधरा मिनिटं

पीएच.डी.चा प्रबंध विद्यापीठात जमा होतो, बहिःस्थ परीक्षकांकडे जातो, त्यांचे अहवाल येतात आणि मग एके दिवशी विभागाच्या फलकावर व्हायवाची सूचना लागते. सादरीकरण तोवर विद्यार्थ्याच्या हाताशी असतंच. प्रबंध जमा करण्याआधी संशोधन सल्लागार समितीपुढे सगळं काम एकदा मांडावं लागतं, तेव्हाच्या स्लाइड्स संगणकात पडून असतात. मग पहिल्या स्लाइडवरची तारीख बदलली जाते, शेवटी परीक्षकांच्या सूचनांची एक स्लाइड जोडली जाते, आणि व्हायवाच्या दिवशी पडद्यावर जे येईल ते वाचत पुढे सरकायचं ठरतं. मी बसलो आहे त्या व्हायवांपैकी पुष्कळ अशाच पार पडल्या. त्यातल्या काहींचं संशोधन फार चांगलं होतं, आणि ते सभागृहात कोणाला कळलं नाही याची मला अजून हळहळ वाटते.

सल्लागार समितीला काम पुरं झालं का, एवढंच बघायचं असतं. म्हणून त्या स्लाइड्समध्ये सगळं असतं: प्रत्येक प्रकरण, प्रत्येक तक्ता, प्रत्येक चाचणी. व्हायवाला समोर वेगळी माणसं बसतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार आपल्याकडे ही परीक्षा खुली असते. मार्गदर्शक आणि बहिःस्थ परीक्षक असतात, शिवाय समितीचे सदस्य, विभागातले प्राध्यापक आणि इतर संशोधक विद्यार्थीही येऊ शकतात. मागच्या बाकांवर बहुधा घरची माणसं असतात. परीक्षकाने प्रबंध वाचलेला असतो, त्याच्या प्रतीत खुणेचे कागद खोचलेले असतात. बाकी सभागृहात तो जवळजवळ कोणीच वाचलेला नसतो. ज्यांनी वाचलेला नाही त्यांना काम समजावं, आणि ज्याने वाचला आहे त्याला दिसावं की आपल्या प्रबंधाचा सगळा भार कुठल्या एका निष्कर्षावर आहे हे या विद्यार्थ्याला ठाऊक आहे. तोंडी सारांशाला ही दोन्ही कामं एकदम करायची असतात.

इतर देशांत हीच परीक्षा निराळ्या रीतीने होते. ब्रिटनमध्ये व्हायवा बंद दाराआड, बहुधा दोनच परीक्षकांसमोर होते आणि पुष्कळदा स्लाइड्स नसतातच. तुमचं काम थोडक्यात सांगा, एवढ्यावर सुरुवात होते. फिनलंडमध्ये परीक्षेच्या आरंभी उमेदवार वीसेक मिनिटांचं भाषण करतो आणि ते सामान्य श्रोत्याला कळावं अशी अपेक्षा असते. पद्धत कुठलीही असो, पडदा काढून घेतला तरी उभा राहील असा सारांश जवळ असावा लागतो. आपल्याकडे तर वीज जाणं आणि प्रोजेक्टर रुसणं या नेहमीच्याच गोष्टी.

हा सारांश स्लाइड्समधून कसा काढायचा, ते एका उदाहरणावरून पाहू. उदाहरण बेतलेलं आहे आणि त्यातले आकडे समजुतीपुरते आहेत, पण प्रश्न आपल्या मातीतला आहे. एका संशोधिकेने कातळाच्या प्रदेशातल्या नाल्यावर बांधलेल्या सिमेंट बंधाऱ्यांचा आसपासच्या विहिरींवर काय परिणाम होतो याचा अभ्यास केला. बंधाऱ्यांच्या जवळच्या तीस विहिरी आणि त्याच पावसाच्या पट्ट्यातल्या, पण बंधाऱ्यांपासून लांबच्या पंधरा विहिरी तिने निवडल्या. चार वर्षं दर महिन्याला पाण्याची पातळी मोजली. पहिली दोन वर्षं बंधारे नव्हते, पुढची दोन वर्षं होते. तिच्याकडे छत्तीस स्लाइड्स आहेत आणि मार्गदर्शकांनी तिला पंधरा मिनिटं दिली आहेत. स्लाइड्सची वाटणी नेहमीचीच: प्रस्तावनेच्या चार, पूर्वसंशोधनाच्या सहा, अभ्यासक्षेत्राच्या तीन, पद्धतीच्या पाच, निकालांच्या दहा, आणि उरलेल्या शीर्षक, अनुक्रम, उद्दिष्टं, चर्चा, निष्कर्ष, प्रकाशित लेख आणि आभार यांच्या.

पहिलं काम कागदावरचं आहे. एका पानावर सहा याप्रमाणे स्लाइड्स छापून घ्यायच्या आणि प्रत्येकीखाली एक पूर्ण वाक्य हाताने लिहायचं, ज्यात क्रियापद आहे असं. हे ऐकायला सोपं वाटतं. बसल्यावर कळतं की अवघड आहे, कारण स्लाइडवर वाक्यं नसतातच. तिथे नामं असतात आणि आकडे असतात. आपल्या संशोधिकेची विसावी स्लाइड अशी आहे: वर ‘मान्सूनोत्तर पातळी’ असं शीर्षक, खाली ‘सरासरी फरक १.८२ मी.’, त्याखाली ‘सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय’. समितीपुढे तिने हे जसंच्या तसं वाचलं आणि ते खपून गेलं. आता वाक्य करायला बसल्यावर तिला स्वतःलाच विचारावं लागतं: फरक, पण कशात आणि कशात?

जवळच्या आणि लांबच्या विहिरींमधला तो फरक नाही. तो बंधाऱ्यांनंतरच्या ऑक्टोबरांत २.९३ मीटर आहे. पण बंधारे नव्हते तेव्हाही या दोन गटांत १.११ मीटरचा फरक होता, कारण नाल्याकाठच्या विहिरी सखल भागात असतात आणि त्यांना तसंही पाणी वर लागतं. २.९३ मधून १.११ वजा केले की १.८२ उरतात, आणि बंधाऱ्यांच्या नावावर लावता येतो तो एवढाच. स्लाइडवर हे कुठेच लिहिलेलं नाही. ती नुसती वाचली असती, तर ऐकणाऱ्याने १.८२ हा दोन गटांमधला साधा फरक आहे असं धरलं असतं. परीक्षकाने प्रबंधातला तक्ता उघडला असता तर त्याला तिथे २.९३ दिसले असते, आणि पुढची दहा मिनिटं हा आकडा कुठून आला हे सांगण्यात गेली असती. वाक्य लिहिल्यामुळे हा गोंधळ घरच्या घरी निस्तरला: ‘बंधाऱ्यांआधीही नाल्याकाठी पाणी मीटरभर वर होतं, बंधाऱ्यांनंतर ते जवळजवळ तीन मीटर वर आलं, म्हणजे बंधाऱ्यांनी दिलं ते साधारण पावणेदोन मीटर.’

बोलताना आकडे असेच गोल करावेत. कानाला दशांश चिन्हापुढचे दोन अंक पेलत नाहीत, आणि सव्वा, दीड, पावणेदोन ऐकताच माणसाला उंची डोळ्यांपुढे येते. मात्र गोल केलेल्या प्रत्येक आकड्यासमोर टिपणात प्रबंधातला तक्ता आणि पान लिहून ठेवावं. परीक्षक नेमका आकडा विचारतो तेव्हा तो हातात असला पाहिजे.

छत्तीस वाक्यं झाली की ती स्लाइड्सपासून तोडायची. वेगळ्या कागदावर ओळीने लिहायची आणि दोन वाक्यांच्या मध्ये जोडशब्द टाकायचा: म्हणून, पण, तरीही, त्यासाठी. जिथे ‘आणि त्यानंतर’ याखेरीज काहीच बसत नाही, तिथे थांबावं. तिथे विचाराचा धागा नसतो, नुसता प्रकरणांचा क्रम असतो. सारांश खऱ्या अर्थाने इथेच तयार होतो. स्लाइडवर निकाल मावतो, पण एका निकालातून पुढचा प्रश्न कसा निघाला हे दोन स्लाइड्सच्या मधल्या रिकाम्या जागेत असतं. ते फक्त संशोधकाला ठाऊक असतं आणि त्यालाच बोलावं लागतं.

आपल्या उदाहरणात पूर्वसंशोधनाच्या सहा स्लाइड्सखालची सहा वाक्यं एकमेकांना ‘आणि’नेच चिकटतात. अमक्याने हे केलं आणि तमक्याने ते केलं. त्या सगळ्यांतून एवढंच निघतं की आधीच्या बऱ्याच अभ्यासांत बंधारे झाल्यानंतरचंच पाणी मोजलेलं होतं, आधीचं मोजमाप नव्हतं. मग सहा स्लाइड्सचं एक वाक्य होतं, पण ते वाक्य सोन्याचं, कारण ‘म्हणून मी बंधारे व्हायच्या आधीपासून दोन वर्षं मोजलं’ हे त्याला लगेच जोडता येतं. समोर बसलेल्या परीक्षकांचं नाव पूर्वसंशोधनात असेल तर ते घेण्याचा मोह होतो. युक्तिवादाला त्यांच्या कामाची गरज असेल तर जरूर घ्यावं, एरवी राहू द्यावं. अभ्यासक्षेत्राच्या तीन स्लाइड्समधून एक नकाशा राहतो. मोजण्याच्या साधनांचे फोटो, चाचण्यांची नावं, तालुक्याची लोकसंख्या हे सगळं आभाराच्या स्लाइडच्या मागे न्यायचं. विचारलं तर दाखवायचं, म्हणून प्रत्येक स्लाइडला क्रमांक हवा.

निकालांच्या दहा स्लाइड्सचं मात्र असं झटपट होत नाही. तिथे दोन निकाल एकमेकांविरुद्ध उभे आहेत. ऑक्टोबरात बंधाऱ्यांमुळे पाणी पावणेदोन मीटर वर आलं, पण मार्चअखेर तो लाभ जवळजवळ संपलेला होता. दोन गटांतला फरक पुन्हा बंधाऱ्यांआधी होता तेवढ्यावर आला होता. जुन्या सादरीकरणात पहिला निकाल विसाव्या स्लाइडवर आणि दुसरा सत्ताविसाव्या स्लाइडवर होता, मध्ये सहा आलेख. दोहोंमधला ‘पण’ कुठेच नव्हता. खरं तर तो ‘पण’ हाच तिचा प्रबंध आहे. मग बोलणं असं लिहिलं गेलं:

‘पावसाळा सरला की बंधाऱ्याजवळच्या विहिरींत पाणी पूर्वीपेक्षा पावणेदोन मीटर वर राहतं. दोन्हीकडे पाऊस सारखाच पडतो, त्यामुळे हा फरक चांगल्या पावसाचा म्हणता येत नाही. पण हे पाणी टिकतं किती? मी दर महिन्याला मोजत गेले. डिसेंबरपर्यंत फरक निम्म्यावर आला आणि मार्चअखेर उरलाच नाही. म्हणजे या बंधाऱ्यांनी रब्बीच्या पेरणीला आणि पहिल्या काही पाण्यांना हात दिला, उन्हाळ्याच्या टंचाईला नाही. असं का व्हावं? एक कारण खडकातच असू शकतं. इथे पाणी मुरतं ते वरच्या मुरमात आणि कातळाच्या भेगांत, आणि ही जागा थोडी आहे. भरते लवकर आणि नाल्याकडे उतारावर रितीही लवकर होते. दुसरं कारण माणसांचं असू शकतं. पाणी दिसलं की पंप जास्त तास चालतो. उपसा मी मोजलेला नाही. त्यामुळे या दोनांपैकी कुठल्या कारणाचा वाटा किती, हे माझ्या अभ्यासातून सांगता येत नाही.’

एवढं सावकाश बोलायला दीडेक मिनिट लागतं, आणि ते कुठल्याही एका स्लाइडवर नव्हतं. त्यातली क्रियापदं पाहा. ‘वर राहतं’ हे मोजलेलं आहे, म्हणून ठाम आहे. ‘असू शकतं’ हे अनुमान आहे, म्हणून मऊ आहे. जुन्या स्लाइडवर ‘बंधाऱ्यांमुळे भूजल पातळीत वाढ’ असं शीर्षक होतं. त्या शीर्षकात किती मोजलं आणि किती समजलं याचा पत्ता लागत नाही, कारण त्यात क्रियापदच नाही. बोलताना क्रियापद निवडावंच लागतं, आणि ते पुराव्याच्या वजनाचं आहे की नाही हे परीक्षक बारकाईने ऐकतो. दाखवलं, आढळलं, सूचित होतं, असावं यांतलं काय कुठे वापरायचं, हे टिपणात आधी ठरवून ठेवावं. ऐन वेळी घाबरलेला माणूस जास्त मोठं क्रियापद वापरतो.

उपशाचं वाक्य तिने स्वतःहून घातलं, त्यालाही कारण आहे. व्हायवा परीक्षकांच्या अहवालांतल्या टीकेला धरून होते आणि तिच्या एका परीक्षकाने नेमकं हेच विचारलेलं होतं. अहवालातल्या सूचना दोन जातीच्या असतात. आलेखाची मथळ्याची ओळ सुधारा, संदर्भयादी नीट लावा, या जातीच्या सूचनांना एक वाक्य पुरतं: सुचवलेल्या दुरुस्त्या केल्या आहेत, यादी सोबत आहे. मुख्य निष्कर्षालाच भिडणारी शंका मात्र शेवटच्या स्लाइडवर टाकून चालत नाही. तो निष्कर्ष सांगतानाच ती सांगावी. मर्यादा संशोधकाच्या तोंडून आधी आली की परीक्षकाचा पुढचा प्रश्न बहुधा ‘मग आता उपसा कसा मोजाल?’ असा येतो, आणि त्या प्रश्नावर चांगली चर्चा होते.

आलेखांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त वेळ तिथे वाया जातो. वक्त्याला आलेख पाठ असतो, म्हणून तो थेट अर्थावर उडी मारतो. श्रोता अजून अक्ष वाचत असतो. विहिरीच्या पातळीच्या आलेखात तर एक खास अडचण आहे. पातळी जमिनीपासून खाली मोजतात, म्हणून शून्य वरच्या कडेला असतं आणि आकडे खाली वाढत जातात. हे न सांगता ‘इथे पातळी वाढली’ म्हटलं की अर्ध्या सभागृहाला ती घटल्यासारखी दिसते. म्हणून आलेखाचं बोलणं तीन पायऱ्यांनी लिहावं. आधी चौकट: ‘वरची कड म्हणजे जमीन, रेघ जितकी वर तितकं पाणी जवळ, डावीकडून उजवीकडे जून ते मे.’ मग एकच जागा बोटाने दाखवायची: ‘ऑक्टोबरात या दोन रेघांमधलं अंतर बघा.’ आणि मग अर्थ. चौकटीनंतर एक श्वास थांबावं, लोकांना बघू द्यावं. पंधरा मिनिटांत असे तीन आलेख नीट होतात, चौथा घाईत जातो. आपल्या संशोधिकेने दहामधले तीन ठेवले: बंधाऱ्यांआधीचा ऑक्टोबर, बंधाऱ्यांनंतरचा ऑक्टोबर आणि महिन्यागणिक ओसरत जाणारा फरक.

आता लांबीचा हिशोब. स्वतःच्या टिपणाचं एक पान नेहमीच्या आवाजात वाचून घड्याळ लावावं. शांतपणे समजावून सांगणारा माणूस मिनिटाला साधारण शंभर ते सव्वाशे शब्द बोलतो. पंधरा मिनिटांचे साधारण पंधराशे ते एकोणीसशे शब्द होतात, पण आलेखापाशी थांबणं, पाणी पिणं, मधेच दार उघडून कोणी येणं हे धरलं तर तेराशेच्या आसपास लिहावं. जास्त झालं की वेग वाढवून बसवायचं नाही, एक वाक्य सबंध काढायचं. काढताना जोडशब्द बघावेत. जे वाक्य काढल्यावर पुढचा ‘म्हणून’ अधांतरी लटकतो ते ठेवायचं, जे काढल्यावर काहीच हलत नाही ते गेलं तरी चालतं.

विज्ञान शाखेत प्रबंध इंग्रजीत असतो आणि व्हायवाही बहुधा इंग्रजीत होते. तरीही ज्याची घरची भाषा मराठी आहे त्याने पहिला मसुदा मराठीत बोलून बघावा, असं मला आग्रहाने सांगायचं आहे. इंग्रजीत पाठ झालेली वाक्यं न समजताही सफाईने म्हणता येतात. तीच गोष्ट आईला किंवा शेजारच्या काकांना मराठीत सांगायला गेलं की जिथे स्वतःला उमगलेलं नाही तिथे जीभ अडते. ऐकणाऱ्याला नंतर विचारावं, ‘काकू, मी काय शोधलं ते तुम्ही सांगा बरं.’ त्या म्हणाल्या, ‘बंधारे बांधले की विहिरींना पाणी येतं’, तर सारांश फसला आहे. तो ‘पण’ पोचलाच नाही. ‘पाणी येतं, पण उन्हाळ्यापर्यंत राहत नाही’ असं म्हणाल्या तर झालं, मग इंग्रजीचं काम सोपं. विषयातला नसलेला श्रोता यासाठी हवा. प्रयोगशाळेतले मित्र मधल्या गाळलेल्या जागा आपोआप भरून घेतात, त्यांच्याकडून ही चूक सापडत नाही.

संपूर्ण भाषण पाठ करू नये. पाठ केलेलं असताना परीक्षकाने मध्येच थांबवलं की दोर तुटतो आणि मागच्या ओळीपासून पुन्हा सुरुवात करावी लागते. पहिली दोन वाक्यं आणि शेवटची दोन वाक्यं तेवढी तोंडपाठ असावीत, मधलं सगळं जोडशब्दांच्या आधाराने यावं. त्यासाठी एकच ए-फोर कागद पुरतो: डावीकडे प्रत्येक स्लाइडचं वाक्य, मध्ये जोडशब्द, उजवीकडे प्रबंधाचं पान. या कागदावर दोन ठिकाणी ठळक रेघ मारून ठेवावी, एक पद्धत संपते तिथे आणि एक पहिल्या निकालानंतर. अध्यक्ष म्हणाले, ‘वेळ कमी आहे, आवरतं घ्या’, तर जवळच्या रेघेवरून थेट निष्कर्षावर येता आलं पाहिजे. त्या उड्यांची वाक्यंही लिहून, मोठ्याने म्हणून बघावीत. शिवाय दोन मिनिटांचा एक वेगळा सारांश जवळ असावा: प्रश्न, एक मोजमाप, तो ‘पण’, आणि जे सांगता येत नाही ते. प्रोजेक्टर लागलाच नाही तर तिथून सुरुवात करून खडूने फळ्यावर दोन रेघा काढता येतात. आपल्या संशोधिकेचा महिन्यागणिक ओसरणारा फरक दोन रेघांत सहज मावतो.

उभं राहून, मोठ्याने, मोबाइलवर ध्वनिमुद्रण करत तीन-चार वेळा म्हटलं की बऱ्याच गोष्टी आपोआप सुधारतात. मुद्रण ऐकताना एकच गोष्ट शोधावी: स्लाइड बदलण्याच्या क्षणी आपण काय बोलतो. ‘पुढची स्लाइड’ किंवा ‘आता निकाल’ असं ऐकू आलं, तर तिथला जोडशब्द गळला आहे. पुढच्या चित्राचं कारण आधी बोलावं आणि मग कळ दाबावी. ‘हे पाणी टिकतं किती?’ असं विचारून मग आलेख आणला की सभागृह त्यात उत्तर शोधू लागतं.

शेवटी पडद्यावर काय ठेवायचं, हेही ठरवावं. फुलांच्या चित्रावर मोठ्या अक्षरांत ‘धन्यवाद’ अशी स्लाइड लावून विद्यार्थी थांबतात आणि पुढचा अर्धा-पाऊण तास प्रश्नोत्तरं त्या फुलांसमोर होतात. आभार तोंडाने मानावेत आणि पडद्यावर तोच आलेख परत आणावा, ऑक्टोबर ते मार्च जवळ येत जाणाऱ्या दोन रेघांचा, खाली एका ओळीत निष्कर्षाचं वाक्य. परीक्षक प्रश्न विचारायला मान वर करतो तेव्हा त्याच्या नजरेसमोर तो आलेख असतो, आणि पहिला प्रश्न बहुधा त्याच्यावरच येतो, म्हणजे ज्याची तयारी सगळ्यात जास्त झाली आहे त्यावर.